ट्रायल, ॲडव्हान्स आणि एकाच तारखेच्या दोन नवऱ्या

सोलापुरात घरून किंवा नवरीच्या घरी जाऊन काम करणाऱ्या मेकअप आर्टिस्टचं सीझनमधलं नुकसान बहुतेक वेळा तीनच ठिकाणी होतं. ट्रायल फुकटात जाते, तारीख नुसत्या शब्दावर अडकून पडते, आणि दोन लग्नं एका दिवशी घेतली की दुपारी दोनच्या सुमारास दोन्हीकडून फोन सुरू होतात. हे तीन वेगळे प्रश्न दिसतात, पण त्यांची गाठ एकच आहे. ट्रायल आधी की ॲडव्हान्स आधी, आणि तारीख नेमकी कोणत्या क्षणी पक्की, हे ठरलेलं नसतं. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या.

उदाहरणासाठी एक दर धरू: लग्नाच्या दिवसाचं पॅकेज १५,००० रुपये, त्यात मेकअप, हेअरस्टाइल आणि साडी नेसवणं. तुमचा दर कमी-जास्त असेल तर आकडे बदला, हिशोबाची रीत तीच राहील.

१. चौकशी आली की दर सांगण्याआधी मुहूर्त विचारा

"ताई, १४ तारीख रिकामी आहे का?" असा मेसेज आला की बहुतेक जणी डायरी उघडतात आणि "आहे" म्हणतात. इथेच पहिली चूक होते. तारीख रिकामी असून भागत नाही, त्या तारखेतले तास रिकामे असावे लागतात.

म्हणून उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारायच्या. मुहूर्ताची वेळ काय? कार्यालय कुठलं आणि नवरी तयार कुठे होणार, घरी की कार्यालयातल्या खोलीत? अक्षता पडल्यावर दुसरी साडी नेसून दुसरा लूक करायचा आहे का? आदल्या दिवशीची हळदही तुमच्याकडेच आहे का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो आणि तोच सगळ्यात महाग पडतो. तो का, ते सहाव्या पायरीत दिसेल.

सोलापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. तेलुगू भाषक घरांमधली पुष्कळ लग्नं रात्री उशिराच्या किंवा पहाटेच्या मुहूर्तावर लागतात. "१२ तारखेला रात्री दोन चाळीस" असं घरचे सांगतात, तेव्हा कॅलेंडरप्रमाणे ती १३ तारीख असते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पत्रिकेवरचा वार आणि तुमच्या मोबाइलमधला वार जुळेलच असं नाही. अशा वेळी "११ ची रात्र संपून १२ उजाडताना, की १२ ची रात्र संपून १३ उजाडताना?" असं स्पष्ट विचारा आणि उत्तर लिहून घ्या. पहाटेच्या मुहूर्ताला तुमचं काम आदल्या रात्री दहा-अकरालाच सुरू होतं, म्हणजे ते दोन तारखांच्या पानांवर नोंदवावं लागतं.

*तपासा:* पत्रिका छापली नसेल तर गुरुजींनी काढून दिलेल्या मुहूर्ताच्या कागदाचा फोटो मागवा. तोंडी सांगितलेली वेळ अर्ध्या तासाने हलते.

२. मुहूर्तापासून उलटे तास मोजा

समजा मुहूर्त दुपारी १२.३५ चा आहे आणि कार्यालय जुळे सोलापुरात आहे. नवरी १२.३५ ला तयार असून उपयोग नाही. त्याआधी गौरीहराची पूजा असते, मामा तिला बोहल्यावर घेऊन येतो, फोटोग्राफरला तिचे एकटीचे फोटो हवे असतात. म्हणजे ११.३० ला तिने खोलीतून बाहेर पडायला हवं. मेकअप आणि हेअरला अडीच तास, साडी, दागिने, मुंडावळ्या आणि गजऱ्याला अर्धा तास. म्हणजे सुरुवात ८.३० ला. सामान मांडायला आणि लाइट लावायला अर्धा तास धरला की तुम्ही कार्यालयात ८ ला हजर हव्यात आणि घरून साडेसातला निघायला हव्यात.

आता पुढची बाजू. दुसरा लूक नसेल तर ११.३० नंतर वीस मिनिटांत सामान आवरून तुम्ही ११.५० ला मोकळ्या. दुसरा लूक असेल, म्हणजे पिवळी साडी बदलून शालू नेसवायचा आणि अंबाड्याचे केस सोडून वेगळी रचना करायची असेल, तर अक्षता, सप्तपदी, फोटो असं करत नवरी तुमच्या हाती सव्वा वाजता लागते. ते काम आणि आवराआवर धरून २.१५ होतात.

डायरीत "१४ तारीख, जुळे सोलापूर" असं लिहू नका. "१४ तारीख, ७.३० ते २.१५" असं लिहा. मोबाइलमधल्या कॅलेंडरमध्ये तेवढा पट्टा भरून टाकला तर नजरेलाच दिसतं की उरलेल्या दिवसात काय बसतं.

३. तारीख धरून ठेवायची, पण मुदत घालून

चौकशी आणि पक्कं काम यांच्यामध्ये एक टप्पा लागतो, कारण लग्नघरात निर्णय एक माणूस घेत नाही. नवरी हो म्हणते, आई दर विचारते, काका आणखी एका पार्लरचं नाव काढतात. त्यांना वेळ द्यायला हवा, पण तो मोजून.

४८ तास पुरतात. कॅलेंडरमध्ये तीन रंग ठेवा: चौकशीला एक, ४८ तास धरलेल्या तारखेला दुसरा, ॲडव्हान्स आलेल्या तारखेला तिसरा. धरल्यावर लगेच असा मेसेज पाठवा:

"नमस्कार ताई. १४ तारखेचा स. ७.३० ते दु. २.१५ हा वेळ तुमच्यासाठी परवा संध्याकाळी ६ पर्यंत राखून ठेवला आहे. पॅकेज १५,०००. त्यातले ४,५०० ॲडव्हान्स जमा झाले की तारीख पक्की. परवा ६ नंतर ही वेळ इतरांसाठी मोकळी होईल."

या ४८ तासांत दुसरं कुणी तीच तारीख मागितली तर पहिलीची मुदत कमी करू नका. दिलेला शब्द आणि लिहिलेली वेळ पाळायची. दुसऱ्या कुटुंबाला खरं ते सांगा: "परवा सहापर्यंत एका घरासाठी धरली आहे, सव्वासहाला तुम्हाला कळवते." आणि सव्वासहाला खरोखर कळवा. मुदत संपूनही पहिल्या घराकडून काही आलं नाही, तर एक ओळ लिहून तारीख सोडा. न सांगता सोडली तर आठ दिवसांनी "आम्ही तर तुम्हालाच धरून चाललो होतो" असा फोन येतो.

*सावध:* "आपल्या ओळखीतलंच लग्न आहे, पैशाचं काय घाई" हे वाक्य ऐकल्यावर मुदतीचा मेसेज टाळला जातो. ओळखीच्या घरी तर तो आधी पाठवा. तिथे नंतर पैसे मागणं जास्त अवघड जातं.

४. ट्रायलचा दर: आधी खर्च, मग तास

"ट्रायल फ्रीच असते ना?" या प्रश्नाला बरेच जण पाचशे-हजार असा अंदाजाने आकडा सांगतात, कारण हिशोब केलेला नसतो. तो एकदा करून ठेवा.

ट्रायलला किती तास जातात? नवरीशी बोलणं आणि फोटो बघणं अर्धा तास, मेकअप आणि हेअर दोन तास, दागिने लावून फोटो काढणं आणि नोंदी अर्धा तास. नंतर ब्रश धुणं, पॅलेट पुसणं, किट पुन्हा लावणं यात तास जातो. एकूण चार तास. हा शेवटचा तास नवरीला दिसत नाही, म्हणून आर्टिस्टही धरत नाही.

तासाचा भाव काढायला तुमच्या साध्या पार्टी मेकअपचा आधार घ्या. पार्टी मेकअप १,५०० रुपये, त्यात सामान ३०० रुपयांचं, म्हणजे उरले १,२००. येणं-बसणं-साफसफाई धरून तीन तास गेले, म्हणजे तासाला ४००. लग्नाच्या दिवसाचा भाव इथे लावू नका. तो मुहूर्ताच्या दिवसाचा आणि जबाबदारीचा भाव आहे. ट्रायल तर आडवारी दुपारी होते.

सामानात पापण्यांची एक जोडी, एकदा वापरून टाकायचे मस्कारा ब्रश आणि पफ, कापूस, वाइप्स, पिना, हेअरस्प्रे आणि प्रायमर-फाउंडेशनचा वाटा असं धरून ४५० रुपये होतात असं समजू. चार तासांचे १,६०० आणि सामानाचे ४५०, एकूण २,०५०. दर सांगा २,०००.

आता तीन प्रश्न हमखास येतात.

पहिला, "ट्रायलचे पैसे पॅकेजमधून वजा होतील ना?" वजा केले तर तुमचं १५,००० चं पॅकेज १३,००० चं झालं आणि ट्रायल फुकट गेली. वजावट द्यायचीच असेल तर पॅकेजच १७,००० चं सांगा आणि त्यात एक ट्रायल आहे असं लिहा. अर्धंमुर्धं करू नका. माझ्या मते वेगळा दर ठेवणं जास्त स्वच्छ, कारण ज्या घराला ट्रायल नकोच आहे त्याच्यावर तिचा भार पडत नाही.

दुसरा, "आम्ही ॲडव्हान्स दिला आहे, काही कमी करा." इथे ५०० रुपये सोडायला हरकत नाही. काम पक्कं झाल्यामुळे ट्रायल करून नवरी दुसरीकडे जाण्याचा धोका संपलेला असतो. सूट मजुरीतून द्या, सामानाच्या ४५० ला हात लावू नका.

तिसरा, "दोन-तीन लूक करून बघूया." एका ट्रायलमध्ये एक बेस, एक डोळ्यांचा मेकअप आणि एक केशरचना. लिपस्टिकची छटा, टिकली, नथ बदलून बघणं त्यातच आलं. केस पूर्ण सोडून दुसरी रचना किंवा डोळे पुसून पुन्हा करायचे असतील तर १,००० जास्त, आणि हे ट्रायलच्या आदल्या दिवशी कळवायचं. चेहरा दोनदा पुसून तिसऱ्यांदा बेस लावला की त्वचा लाल होते, बेस नीट बसत नाही, आणि नवरीला वाटतं मेकअपच चांगला नाही. तेव्हा हा नियम पैशापेक्षा कामासाठी आहे.

बार्शी, पंढरपूर, मंगळवेढ्याकडची नवरी असेल तर ट्रायल सोलापुरातच ठेवा. बार्शी साधारण ७० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन चार तास वाढतात, म्हणजे आठ तासांचे ३,२०० आणि सामानाचे ४५० मिळून ३,६५० होतात, गाडीचा खर्च वेगळा. हा आकडा नीट समजावून सांगितला तर बहुतेक घरं स्वतः यायला तयार होतात. खरेदीला तशीही चक्कर असतेच. पण बस्त्याच्या दिवशी ट्रायल घेऊ नका. तेव्हा ब्लाउज शिवलेला नसतो, साडी अजून ठरत असते, आणि दुकानातून संध्याकाळी थकून आलेल्या चेहऱ्यावर काहीच खरं दिसत नाही. ब्लाउजच्या फिटिंगला येणार असतील तो दिवस धरा, आणि ट्रायल सकाळी आधी करा.

५. ट्रायल कधी आणि कशी, म्हणजे नंतर वाद होत नाही

वेळ: लग्नाच्या ३० ते ४५ दिवस आधी. तीन महिने आधी केलेली ट्रायल कामाची राहत नाही. मधल्या काळात केसांचा रंग बदलतो, उन्हाने चेहरा रापतो, वजन उतरतं. सोलापुरात फेब्रुवारीत बसलेला बेस मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, तसाच बसेल असं धरता येत नाही. उन्हाळ्यातल्या लग्नाची ट्रायल फार आधी करावी लागलीच तर ती भर दुपारी घ्या, एसीशिवाय अर्धा तास नवरीला बसवा आणि नाकाच्या बाजूला, ओठांवर, कपाळावर काय होतं ते बघा.

ट्रायल ॲडव्हान्सच्या आधी की नंतर? ॲडव्हान्सनंतर, हाच नियम ठेवा. ज्या घराला काम बघूनच ठरवायचं आहे त्यांची ट्रायल जरूर करा, पण पूर्ण २,००० घेऊन, आणि "ट्रायल झाली म्हणजे तारीख राखली असं नाही" हे आधी लिहून. ट्रायलचे पैसे वेळ ठरवतानाच घ्या. नवरी आदल्या रात्री रद्द करते तेव्हा गेलेला दिवस परत मिळत नाही.

नवरीने काय आणायचं ते दोन दिवस आधी कळवा: शिवलेला ब्लाउज किंवा निदान त्याच गळ्याचा दुसरा, साडीचा फोटो उजेडातला, नथ, कानातलं, आणि पूर्वी कशाची ॲलर्जी आली असेल तर त्याची माहिती. पापण्यांचा गोंद तिला नवा असेल तर त्याचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी लावून बघायला हवा. त्यासाठी ती पाच मिनिटं येऊन गेली तरी पुरे.

ट्रायल झाली की खिडकीच्या उजेडात समोरून, डावीकडून, उजवीकडून असे फोटो काढा, आणि तेच फोटो ट्यूबलाइटखाली पुन्हा. मग एका कागदावर वापरलेलं प्रत्येक सामान आणि त्याचा शेड नंबर लिहा. फाउंडेशनचे दोन शेड मिसळले असतील तर प्रमाणसुद्धा लिहा. नवरीने सांगितलेले बदल त्याच कागदावर, तिच्या शब्दांत: "भुवया थोड्या हलक्या, गालावर लाली कमी." कागदाचा फोटो तिला पाठवा आणि "हे बरोबर आहे" असं उत्तर मागवा.

*तपासा:* ट्रायल संपल्यावर चेहरा लगेच धुवायला सांगू नका. चार तासांनी तिने तिच्या मोबाइलवर फिल्टर न लावता काढलेला फोटो मागवा. लग्नात तो मेकअप तेवढाच वेळ टिकायचा असतो, आणि बेस कुठे फुटतो ते त्या फोटोतच कळतं.

६. दोन चौकश्या, एक तारीख: तासांनी सोडवा

वरचंच लग्न घेऊ. १४ तारीख, जुळे सोलापूर, मुहूर्त १२.३५, दुसरा लूक आहे, तुमचा वेळ ७.३० ते २.१५. ॲडव्हान्स आलेला आहे. आता अक्कलकोटहून चौकशी येते, तारीख तीच, गोरज मुहूर्त संध्याकाळी ६.४० चा. ऐकायला सोपं वाटतं: एक दुपारी, एक संध्याकाळी, मध्ये सहा तास.

उलटे तास मोजू. ६.४० च्या मुहूर्ताला नवरी ५.४० ला तयार हवी. तीन तासांचं काम, म्हणजे सुरुवात २.४० ला. मांडामांडीला वीस मिनिटं धरली तर २.२० ला पोचायला हवं. सोलापूर ते अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, म्हणजे गाडीने तास. लग्नसराईत शहरातून बाहेर पडताना आणि कार्यालयासमोर गाडी लावताना अर्धा तास जास्तीचा लागतोच. म्हणजे जुळे सोलापूर १२.५० ला सोडायला हवं. तुम्ही तिथून निघणार २.१५ ला. एक तास पंचवीस मिनिटांचा खड्डा आहे. हा खड्डा मेकअप भराभर उरकून भरून निघत नाही.

आता हेच पहिलं लग्न दुसऱ्या लूकशिवाय असतं तर तुम्ही ११.५० ला मोकळ्या झाला असता, आणि अक्कलकोट एक तासाची सवड ठेवून जमलं असतं. म्हणजे दोन लग्नं जमतात की आपटतात, हे तारखेवर किंवा मुहूर्तावर नाही, दुसऱ्या लूकच्या एका "हो"वर ठरतं. म्हणूनच तो प्रश्न पहिल्याच फोनमध्ये विचारायचा आणि त्या लूकचा दर वेगळा ठेवायचा. तो तुमचे अडीच तास अडवतो, आणि कधी कधी एक अख्खं लग्न.

अशा वेळी करण्यासारख्या गोष्टी दोनच. एक, शालू आणि केशरचना तुमची हाताखालची अनुभवी मुलगी करेल, पण हे पहिल्या घराला आधी सांगून, त्यांचा होकार घेऊन आणि दुसऱ्या लूकचा दर कमी करून. त्यांनी तुम्हाला बघून पैसे दिले आहेत. त्या दिवशी अचानक "माझी असिस्टंट करेल" म्हटलं तर तक्रार रास्तच आहे. दोन, अक्कलकोटला लगेच नकार द्या आणि तुमच्यासारखं काम करणाऱ्या दुसऱ्या आर्टिस्टचं नाव द्या. "बघते, जमवते" असं म्हणून त्यांना लटकत ठेवणं सगळ्यात वाईट. तेवढ्या दिवसांत त्यांचे इतर पर्यायही संपतात.

मुहूर्त थोडे असले की ही टक्कर वाढते. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात सहसा लग्नं काढत नाहीत, त्यामुळे आसपासच्या मोजक्या तारखांवर चौकश्या एकवटतात. अशा काळात ४८ तासांची मुदत जास्त काटेकोर पाळायची, पण पॅकेजचा सांगितलेला दर मध्येच वाढवायचा नाही. गर्दीच्या तारखांचा दर वेगळा ठेवायचा असेल तर तो सीझन सुरू होण्याआधी ठरवून सगळ्यांना सारखाच सांगा.

७. पैसे तीन टप्प्यांत

३० टक्के, म्हणजे ४,५००, तारीख पक्की करताना. ५० टक्के, म्हणजे ७,५००, लग्नाच्या पंधरा दिवस आधी. उरलेले ३,००० लग्नाच्या दिवशी, मेकअप सुरू होण्याआधी.

शेवटचा हप्ता काम झाल्यावर घेण्याची सवय सोडा. नवरी बोहल्यावर गेली की तिचे वडील केटरर, बँडवाला आणि व्याह्यांमध्ये अडकलेले असतात. तुम्ही पेटी हातात घेऊन जिन्यापाशी उभ्या आणि जो तो "अण्णांना विचारा" म्हणतो. हे टाळायला ॲडव्हान्स घेतानाच एक नाव ठरवा: पैसे कोण देणार आणि त्याचा नंबर काय. भाऊ किंवा मावशी चालेल, नवरी नको.

पैसे यूपीआयने आले तर नोंदीच्या जागी "१४ तारीख लग्न ॲडव्हान्स" असं लिहायला सांगा. स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही. तुमच्या स्वतःच्या खात्यात रक्कम दिसली की मगच "तारीख पक्की" असं लिहा. रोख मिळाली तर त्याच मिनिटाला मेसेज करा: किती, कुणाकडून, कशासाठी.

*सावध:* पंधरा दिवस आधीचा हप्ता आला नाही तर गप्प बसू नका. त्या दिवशी एक आठवण, तीन दिवसांनी दुसरी, आणि दुसऱ्या आठवणीत शेवटची तारीख. लग्नाला दोन दिवस उरले असताना पैशावरून ताणलं तर तिथे कुणाचंच भलं होत नाही.

८. लग्न पुढे गेलं, मोडलं, किंवा तुम्हीच आजारी पडलात

"ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" एवढी एक ओळ लिहून ठेवली की काम झालं, असा समज आहे. तो कच्चा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर आधी ठरवलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. म्हणून किती पैसे ठेवायचे ते तुमच्या प्रत्यक्ष नुकसानीशी जोडा. लग्न जितकं जवळ तितकी ती तारीख पुन्हा भरण्याची शक्यता कमी, असा सरळ हिशोब.

आपल्या उदाहरणात तो असा बसतो. ६० दिवसांहून आधी रद्द झालं तर १,००० ठेवून ३,५०० परत. ६० ते १५ दिवसांत झालं तर ४,५०० ठेवायचे. १५ दिवसांच्या आत झालं आणि १२,००० आलेले असतील, तर पॅकेजचे निम्मे म्हणजे ७,५०० ठेवून ४,५०० परत. आणि या सगळ्यांवर एक अट: तीच वेळ दुसऱ्या लग्नाने भरली, तर १,००० सोडून बाकी सगळं परत. ही अट लिहिलेली असली की घरचेही वाद घालत नाहीत, कारण तुम्ही एका दिवसाचे दोनदा पैसे घेत नाही हे त्यांना दिसतं. झालेल्या ट्रायलचे पैसे यात येत नाहीत, ते काम झालेलं आहे.

घरात कुणी गेलं, सुतक आलं, तर लग्न पुढे ढकललं जातं. तिथे दिवस मोजू नका. सगळे जमा पैसे नव्या तारखेला वळवा, फक्त त्या तारखेला तुमचा वेळ मोकळा हवा. नसेल तर दुसरी आर्टिस्ट सुचवा आणि जमा पैसे परत करा. इतर कारणाने तारीख बदलली तर एक बदल फुकट, तो ३० दिवस आधी कळवलेला असला तर, आणि जमा रक्कम वर्षभर चालेल. नवी तारीख मिळताच पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात: मुहूर्त, कार्यालय, दुसरा लूक. जुन्या नोंदीवर नुसती तारीख खोडून नवी लिहिली की जुनेच तास राहतात आणि टक्कर तिथून होते.

तुम्हालाच ताप आला, अपघात झाला, तर पूर्ण पैसे परत, हे तुमच्या बाजूचं वचन लिहून द्या. पण लग्नाच्या सकाळी नवरीला पैसे नको असतात, हात हवा असतो. म्हणून सीझनआधी दोन आर्टिस्टशी बोलून ठेवा: एकमेकींच्या अडचणीला जायचं, घरच्यांकडून ठरलेल्या दरापेक्षा एक रुपया जास्त मागायचा नाही, दरातला फरक अडचणीत आलेलीने सोसायचा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्या दोघींपैकी जी त्या दिवशी मोकळी आहे तिला तीन गोष्टी पाठवून ठेवा: ट्रायलचे फोटो, शेड नंबरचा कागद, आणि मुहूर्त, कार्यालय व घरच्या माणसाचा नंबर असलेला मेसेज. नंबर पाठवण्याआधी त्या माणसाला तसं सांगा. सगळं सुरळीत झालं तर दुसऱ्या दिवशी तिला ते पुसून टाकायला सांगा, कारण नवरीचे फोटो आणि घरच्या माणसाचा नंबर त्यात असतो.